उजाडेपर्यंत रविवारच

रात्री पावणेबाराच्या सुमारास कुणीतरी माझ्याबरोबर एक फोल्डर शेअर केल्याची सूचना फोनवर आली. सकाळी चहा घेता घेता ते उघडलं. आत सात फायली होत्या. सोबत ना पत्र, ना निरोप, ना एखादी ओळ.

```
aathvani.docx
aathvani (1).docx
aathvani final.docx
aathvani final 2.docx
prakaran 4 navin.docx
patre.docx
scan0007.pdf
```

पाठवणाऱ्या बाईंना मी ओळखत होते. त्यांचे वडील पाटण तालुक्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय चौऱ्याऐंशी. गुरुजींनी आपल्या आठवणी लिहिल्या आहेत आणि त्यांचं पुस्तक करायचं आहे, एवढं आमचं महिन्यापूर्वी बोलणं झालं होतं. आता ते पुस्तक या सात फायलींत कुठेतरी होतं.

पुस्तकांचं संपादन आणि मुद्रितशोधन हा माझा रोजचा व्यवहार. अशा न सांगता आलेल्या ढिगासमोर पहिला मोह होतो तो ज्या फायलीच्या नावात ‘फायनल’ आहे ती उघडून कामाला लागण्याचा. पंधरा वर्षांपूर्वी मी तसं केलं होतं. पुस्तक छापून आल्यावर लेखकाने पहिलं पान उघडलं आणि शांतपणे विचारलं, “मी केलेल्या दुरुस्त्या कुठे गेल्या?” त्या दुसऱ्या फायलीत होत्या, आणि ती फाइल त्याच फोल्डरमध्ये माझ्यासमोर पडलेली होती. तेव्हापासून मी फायलींच्या नावांवर विसंबत नाही. ‘फायनल’ हा शब्द त्या दिवशी तो टाइप करणाऱ्याची भावना सांगतो, मजकुराबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरा मोह लगेच फोन लावून “यातली कुठली घेऊ?” असं विचारण्याचा. फोन करायचाच असतो, पण इतक्यात नाही. कारण या प्रश्नाला “शेवटची घ्या” हे एकच उत्तर येतं, आणि शेवटची कोणती हे पाठवणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर सात फायली आल्याच नसत्या. आधी आपण पाहून घ्यावं आणि मग ज्याचं उत्तर समोरच्याकडेच आहे तेवढंच विचारावं.

म्हणून मी आधी ‘जसे आले तसे’ नावाचं एक फोल्डर केलं, त्यात सातही फायली ठेवल्या आणि काम त्यांच्या नकलांवर सुरू केलं. मग वहीत एक तक्ता आखला: नाव, पानं, पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य. पहिलं आणि शेवटचं वाक्य हाताने उतरवायला पंधरा मिनिटं लागतात, पण निम्मा उलगडा तिथेच होतो. चार फायलींचं पहिलं वाक्य एकच निघालं. पाचवी फाइल मध्येच कुठून तरी सुरू होत होती. `patre.docx` उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसला. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुराचं तो फाँट नसलेल्या संगणकावर हेच होतं. तिचं रूपांतर करून घेतल्यावर आत गुरुजींना त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेली पत्रं सापडली. तो वेगळाच मजकूर होता, त्याची तुलना कशाशीच करायची नव्हती. ती फाइल बाजूला ठेवली.

तारखांचा उपयोग होईल असं वाटतं, पण तो फार थोडा होतो. उतरवून घेतलेल्या फायलींवर बहुधा उतरवल्याचीच तारीख दिसते. वर्ड फायलीच्या आत शेवटचा बदल कधी झाला आणि कुणाच्या नावाने झाला याची नोंद असते. ती मी पाहिली. `final` लेकीच्या नावाने जतन झाली होती आणि `final 2` तीन दिवसांनंतर पाटणच्या टायपिंगच्या दुकानाच्या नावाने. पण कुणी फाइल नुसती उघडून एक स्पेस दिली आणि जतन केली, तरी ती तारीख बदलते. त्यामुळे नंतरची तारीख म्हणजे नंतरचा मजकूर असं धरता येत नाही. या नोंदीतून मला कामाचं एवढंच कळलं की दोन फायलींवर दोन वेगळ्या गावांत, दोन वेगळ्या माणसांचे हात फिरले आहेत.

`aathvani (1)` मधला कंसातला आकडा ओळखीचा होता. एकच फाइल दुसऱ्यांदा उतरवली की ब्राउझर आपण होऊन असा आकडा लावतो. पण अंदाजावर फाइल बाजूला काढू नये. खात्री करायला एक सोपा उपाय आहे:

```
certutil -hashfile "aathvani.docx" SHA256
```

विंडोजवर ही आज्ञा दिली की चौसष्ट अक्षरांचा एक ठसा मिळतो. दोन्ही फायलींचे ठसे तंतोतंत जुळले. म्हणजे त्या एकच होत्या, आणि एक निःशंकपणे दूर करता आली. मात्र ही खूण एकाच बाजूने चालते. ठसे जुळले तर फायली एक, पण जुळले नाहीत म्हणून मजकूर वेगळा असं नाही. एकही अक्षर न बदलता फाइल पुन्हा जतन केली तरी ठसा बदलू शकतो. तिथून पुढे वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

उरल्या तीन सारख्या फायली, एक नवं प्रकरण आणि एक स्कॅन. इथे खरा प्रश्न सुरू झाला. यांची तुलना करायची, यांतून एक करायची, की प्रत्येकीला वेगळं ठेवायचं? माझ्या अनुभवात या प्रश्नाचं थेट उत्तर कधीच मिळत नाही. त्याच्याआधी दुसराच प्रश्न विचारावा लागतो: यातली कोण कोणापासून झाली? नातं कळलं की काय करायचं ते आपोआप ठरतं.

हा प्रश्न मी पुण्यातच शिकले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली सुरू झालेलं ते काम १९६६ साली पूर्ण झालं आणि त्यासाठी १२५९ हस्तलिखितं तपासली गेली. एकेक श्लोक आखलेल्या कागदावर चौकटीत एक अक्षर या पद्धतीने मांडायचा. वर प्रचलित पाठ आणि त्याखाली एकेका पोथीतले पाठभेद, जिथे फरक असेल त्याच चौकटीत. पण या आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांचं मोठेपण या चौकटींत नाही. पोथ्यांची डोकी मोजायची नाहीत, त्यांची घराणी लावायची, हे त्यांनी आग्रहाने धरलं. एकाच पोथीच्या पन्नास नकला जर एकच पाठ सांगत असतील, तर ती साक्ष पन्नास जणांची होत नाही, एकाचीच राहते.

घराणं ओळखायचं कसं? समान चुकांवरून. बरोबर मजकूर कुणाच्याही दोन प्रतींत सारखाच असणार, त्यातून नातं कळत नाही. पण दोन प्रतींत एकच विचित्र चूक त्याच जागी असेल, तर दोघी एकाच आईच्या. आमच्या तिन्ही फायलींत तिसऱ्या पानावर ‘पटांगणात’ हा शब्द ‘पटागंणात’ असा होता, अनुस्वार एक घर पुढे सरकलेला. अशा नऊ चुका तिन्हींत जागच्या जागी सापडल्या. म्हणजे गुरुजींच्या वहीवरून टायपिंग एकदाच झालं होतं, आणि `final` व `final 2` त्याच एका टायपिंगमधून निघाल्या होत्या.

आता त्या दोघींचं आपसांत नातं काय? `final` पासून `final 2` झाली असेल तर काम सोपं, नुसती दुसरी घ्यायची. हे पाहायला मी वर्डमधल्या `Review` पट्टीवरच्या `Compare` चा आधार घेतला. त्यातून तिसरीच फाइल तयार होते, मूळ दोन्हींना धक्का लागत नाही. पण पहिल्या खेपेला पडदा लाल खुणांनी भरून गेला. ‘दुसऱ्या’, ‘ताऱ्यांनी’ अशा शब्दांवर खुणा होत्या आणि जुनं-नवं शेजारी ठेवून पाहिलं तर डोळ्याला काडीचाही फरक दिसत नव्हता. थोडं निरखल्यावर लक्षात आलं की खुणा फक्त ‘ऱ्य’ असलेल्या शब्दांवर आहेत. मराठीतला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकाच्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिला जातो: काही कीबोर्ड `U+0931 U+094D` देतात, काही `U+0930 U+094D U+200D`. छापून दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. लेकीने हे शब्द आपल्या कीबोर्डच्या पद्धतीने बदलून घेतले असावेत. मी फक्त तुलनेपुरत्या आणखी दोन नकला काढल्या, त्यांत सगळीकडे एकच रूप करून घेतलं आणि पुन्हा तुलना केली. लाली उतरली आणि खरे फरक वर आले.

तुलनेच्या त्या पानाकडे आधी जरा लांबून पाहावं. लाल खुणा पानभर सुट्या शब्दांवर विखुरलेल्या असतील तर कुणीतरी मुद्रितशोधन केलेलं असतं. बरंच पांढरं आणि मध्येच परिच्छेदच्या परिच्छेद लाल, असं असेल तर भर घातलेली असते. आणि सगळंच लाल असेल तर त्या दोन प्रती नव्हेतच, ते दोन वेगळे लेख आहेत. तुलना तिथेच थांबवावी.

इथे दोन्ही प्रकार होते. दुसऱ्या प्रकरणात `final 2` मध्ये तीन अख्खे परिच्छेद जास्तीचे: कोयनेच्या पलीकडे शाळेला जाताना होडीवर भेटणारा नावाडी, त्याची बिडी, पुराच्या दिवसांत त्याने मुलांना परत पाठवणं. हे परिच्छेद `final` मध्ये नव्हते. उलट सहाव्या प्रकरणात `final` मध्ये दुरुस्त्या होत्या, त्या `final 2` मध्ये नव्हत्या. म्हणजे यांच्यात आई-लेकीचं नातं नव्हतं, या सख्ख्या बहिणी होत्या. पाटणला गुरुजी दुकानात बसून भर घालत होते, त्याच आठवड्यात पुण्यात लेक चुका काढत होती. दोघांच्याही हातात जुनी `aathvani.docx` होती आणि दोघांनीही आपापलं काम संपल्यावर ‘फायनल’ लिहिलं. नंतरची तारीख आणि पुढचा आकडा पाहून मी `final 2` घेतली असती, तर लेकीचं सगळं काम वाया गेलं असतं.

बहिणींचं एकत्रीकरण करावं लागतं, आणि ते करताना आई हाताशी असणं फार मोलाचं असतं. सहाव्या प्रकरणातलं एक वाक्य सांगते. बहात्तरच्या दुष्काळात शाळेत मुलांना काय वाटलं जायचं याचं वर्णन आहे. `final 2` म्हणते, ‘सुपारीचे वाटप’. `final` म्हणते, ‘सुकडीचे वाटप’. नुसत्या या दोघी समोर ठेवल्या तर हा मतभेद वाटतो, कदाचित गुरुजींनी शेवटी विचार करून सुपारी लिहिलं असेल अशी शंकाही येते. पण आई उघडली तर तिथेही ‘सुपारी’च. म्हणजे `final 2` ने काही बदललंच नाही, जे होतं ते पुढे आलं. दुकानातल्या मुलाने वहीतली ‘सुकडी’ सुपारी वाचली, लेकीने ती ओळखून सुधारली, आणि गुरुजींची नजर त्या पानावर पुन्हा गेलीच नाही. दोघांत वाद नाही. एक बोलला आहे, दुसरा गप्प आहे. जो बोलला त्याचं घ्यायचं.

नावाड्याच्या परिच्छेदांनाही हाच न्याय. आईत ते नव्हते, `final` मध्ये नव्हते, म्हणजे लेकीने ते काढून टाकलेले नाहीत, तिला ते ठाऊकच नव्हते. ते घ्यायचे. आई हाताशी नसती तर ‘नाही’ आणि ‘काढलं’ यांतला फरक मला कळलाच नसता. म्हणूनच कुणी मला “जुनी फाइल तुम्हाला कशाला, नवीच पाठवते” असं म्हणालं की मी जुनीही मागून घेते.

या हिशेबाने शे-सव्वाशे जागा एका दिवसात मिटल्या. मिटली नाही ती एक जागा, जिथे तिघींचं तीन तऱ्हांनी होतं. चौथ्या प्रकरणात भूकंप आहे. आईत होतं, ‘भूकंप झाला त्या रात्री’. लेकीच्या फायलीत होतं, ‘११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे’. गुरुजींच्या फायलीत होतं, ‘१० डिसेंबर १९६७ च्या रात्री’. इथे दोघंही बोलले होते. अशा जागी संपादकाने आपलं डोकं चालवून एक पुसू नये.

मी संदर्भ पाहिले. कोयनेचा भूकंप पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी झाला. आपल्या कॅलेंडरप्रमाणे तो सोमवार, ११ डिसेंबर. पण जगभरच्या भूकंपनोंदी ग्रीनिचच्या वेळेने ठेवतात, आणि तिथे तेव्हा १० तारखेची रात्रच चालू होती. शिवाय पंचांगाप्रमाणे वार सूर्योदयाला बदलतो. ज्या माणसाचं बालपण पंचांगात गेलं त्याच्यासाठी पहाटे चारला रविवारच असतो. म्हणजे दोन्ही तारखा खऱ्या होत्या. हा प्रश्न फोनवर विचारायच्या यादीत पहिला लिहिला.

आता `prakaran 4 navin.docx`. नावावरून वाटतं, जुनं चौथं प्रकरण काढा आणि हे घाला. मी दोन्हींची तुलना केली तर सगळं पान लाल झालं. एकही वाक्य सामाईक नव्हतं, आणि तरी घटना तीच. पहाट, हादरा, भिंती, अंगणात थरथरणारी म्हैस, धाकट्या भावाला शोधणं. जुन्या प्रकरणात गुरुजी मास्तरांच्या नीटनेटक्या मराठीत लिहितात. नव्यात वाक्यं आखूड आहेत, मध्येच ‘कळलं का’ येतं, म्हशीचं नाव येतं, भाऊ सापडला तेव्हा त्याच्या केसांत माती किती होती ते येतं.

मला दोन्ही आवडलं आणि म्हणूनच धोका होता. म्हशीचं नाव इकडून उचलावं, केसांतली माती तिथे लावावी, आणि एक उत्तम प्रकरण तयार करावं, अशी हाताला फार ओढ लागली. हे पूर्वीही झालेलं आहे. सतराव्या शतकात नीलकंठ चतुर्धरांनी काशीत बसून ठिकठिकाणच्या पोथ्या जमवल्या, त्यांतले उत्तमोत्तम पाठ निवडले आणि महाभारताची एक संहिता केली. त्यांची टीका आजही अभ्यासक आदराने वाचतात. पण निरनिराळ्या घराण्यांतून वेचून जोडलेला मजकूर त्या रूपात पूर्वी कुणीच लिहिलेला नसतो, आणि सुकथनकरांनी मूळ पाठाचा शोध घेताना ती वाट धरली नाही. `final` आणि `final 2` एका मजकुराच्या दोन अवस्था होत्या, म्हणून त्यांचं मीलन योग्य होतं. ही दोन प्रकरणं मात्र एका माणसाने दोन वेळा, दोन श्रोत्यांना सांगितलेल्या दोन गोष्टी होत्या. त्यांचं मिश्रण केलं असतं तर तो आवाज गुरुजींचा राहिला नसता, माझा झाला असता. दोन्ही वेगळी ठेवली आणि फोनच्या यादीत दुसरा प्रश्न लिहिला.

राहिलं `scan0007.pdf`. चौदा पानं, गुरुजींच्या वहीची, क्रम उलटसुलट झालेला. कोपऱ्यात त्यांनी घातलेले आकडे पाहून मी पानं लावली. ती पहिल्या आणि तिसऱ्या प्रकरणातली काही पानं निघाली. हे सगळं टाइप झालेलंच होतं, तेव्हा ते बाजूला ठेवायला हरकत नाही असं कुणालाही वाटेल. तिन्ही फायली त्या मजकुरावर एकमत होत्या, तुलनेत त्या भागावर एकही खूण नव्हती. पण तिघी एका टायपिंगच्या मुली. त्यांचं एकमत ही एकाचीच साक्ष, आणि वही ही त्या टायपिंगच्या आधीची. म्हणून मी वही समोर ठेवून ओळीखाली पट्टी धरून वाचायला बसले.

तिसऱ्या प्रकरणात गुरुजी वयाच्या अकराव्या वर्षी शिकायला साताऱ्याला निघतात. तिन्ही फायलींत असं आहे: ‘आई दाराशी उभी होती. मग मी मागे वळून पाहिलं नाही.’ मी हे वाक्य चारदा वाचलं होतं. नीट वाचता येतं, व्याकरण बरोबर आहे, अर्थ लागतो. घर सोडणारा एक करारी मुलगा. वहीत असं आहे: ‘आई दाराशी उभी होती. मी वडापर्यंत गेलो, मागे पाहिलं, तर हातात कंदील घेऊन ती तशीच उभी होती. मग मी मागे वळून पाहिलं नाही.’

नकलणाऱ्याची नजर एका ‘उभी होती’वरून उठते, हात टाइप करून परत येतो आणि नजर दुसऱ्या ‘उभी होती’वर उतरते. मधली ओळ जाते आणि शिवण कुठे दिसत नाही, कारण दोन्ही टोकांना तेच शब्द असतात. पोथ्यांच्या नकलांमध्ये ही चूक शेकडो वर्षं होत आली आहे. संगणकावरची कुठलीही तुलना ती दाखवू शकत नाही, कारण जी ओळ तिन्ही प्रतींत नाही तिच्याबद्दल यंत्र काय सांगणार?

त्या दिवशी संध्याकाळी फोन केला. लेक म्हणाली, “ताई, रात्री सगळं एकदम सापडलं, म्हटलं तुमच्याकडे असलेलं बरं. काय काय आहे ते मलाच नीट माहीत नव्हतं.” मी दोनच प्रश्न विचारायचे आहेत म्हटल्यावर तिने फोन वडिलांकडे दिला.

तारखेचं ऐकून गुरुजी लगेच म्हणाले, “रविवारची रात्र होती ती. रविवारी झोपलो, आणि उजाडलं तेव्हा घर नव्हतं. उजाडेपर्यंत रविवारच की हो.” मग दहा तारीख मजकुरात ठेवायची आणि खाली टिपेत कॅलेंडरची तारीख व वेळ द्यायची असं ठरलं. लेकीला ते पटलं. तिची दुरुस्तीही पुस्तकात राहिली, फक्त तिच्या जागी.

नव्या प्रकरणाबद्दल विचारलं तर त्यांना आधी कळेचना. मग मागून नातीचा आवाज आला. आजोबा सांगत असताना तिने फोनवर टाइप करून घेतलेलं होतं ते. गुरुजी म्हणाले, “ते तिला सांगितलेलं. पुस्तकातलं मी लिहिलंय. ते तिचं तिच्याकडे राहू दे.” मला ते मजकूर म्हणून जास्त आवडलं होतं आणि मी तसं सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि “राहू दे” असं पुन्हा म्हटलं. पत्रं पुस्तकाच्या शेवटी वेगळ्या विभागात घ्यायचं ठरलं.

फोन ठेवण्यापूर्वी मी त्यांना तिसऱ्या प्रकरणातली ती ओळ वाचून दाखवली. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग त्यांनी विचारलं, “हे माझ्या वहीत आहे?” मी म्हटलं, “तुमच्याच अक्षरात आहे, गुरुजी. वडापर्यंत गेलो, मागे पाहिलं.” ते म्हणाले, “टाइप केलेलं मी दोनदा वाचलं, पण मला चुकलं नाही हो काही. वड तर अजून आहे तिथे.”

उरलेली वही ते पोस्टाने पाठवणार आहेत. ती आल्यावर बाकीची प्रकरणंही मी तिच्यासमोर पट्टी धरून वाचणार आहे. ओळ आता पान एकतीसवर आहे.